टाइम पिरियड नेमका काढताना: इन्व्हर्स इटरेशन आणि रेले कोशंट इटरेशन हाताने करून पाहू

कोथरूडमध्ये एक जुना बंगला पाडून तिथे तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत उभी राहणार आहे, असं समजा. तीन स्लॅब, प्रत्येक मजला ३ मीटरचा, एकूण उंची ९ मीटर. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत पुणे झोन ३ मध्ये आहे. भूकंपाचा हिशोब करायचा तर इमारतीचा टाइम पिरियड लागतो, म्हणजेच एका मॅट्रिक्सची सर्वांत लहान आयगेनव्हॅल्यू लागते. ऑफिसात नवीन लागलेली मुलं इथे हमखास विचारतात, "सर, सॉफ्टवेअर देतंच की उत्तर, मग हाताने कशाला?" उत्तर देतं हे खरं, पण दिलेलं उत्तर पहिल्या मोडचं आहे की दुसऱ्या, हे कळायला आतली पद्धत माहीत असावी लागते. शिवाय स्वतःचा छोटा प्रोग्रॅम लिहायचा असेल तर ती येणं भागच आहे.

या लेखात आपल्याकडे आयगेनव्हॅल्यूचा अंदाज आधीच आहे आणि तो नेमका करायचा आहे. सगळ्या आयगेनव्हॅल्यू एकदम काढण्याच्या पद्धती वेगळ्या, त्यांच्यात शिरत नाही.

मॅट्रिक्स मांडून घेऊ

प्रत्येक स्लॅबचं वस्तुमान १५० टन आणि प्रत्येक मजल्याचा आडवा स्टिफनेस १,८०,००० किलोन्यूटन प्रति मीटर धरू. बीम आणि स्लॅब वाकत नाहीत, फक्त कॉलम वाकतात, असं मानलं की तीनच अज्ञात उरतात: तीन स्लॅबचं आडवं सरकणं. स्टिफनेसला वस्तुमानाने भागलं की १२०० येतात, एकक प्रति सेकंद वर्ग. हा गुणक बाहेर काढला की उरतं ते असं:

```
     2  -1   0
A = -1   2  -1
     0  -1   1
```

A ची आयगेनव्हॅल्यू λ मिळाली की तिला १२०० ने गुणायचं. तो ω² झाला, आणि T = 2π/ω. इथे एकच खबरदारी: १५० टन हे वस्तुमान आहे. त्याऐवजी वजन, म्हणजे सुमारे १४७० किलोन्यूटन, घातलं तर पिरियड तीन पटींहून जास्त मोठा येतो, आणि गणित मात्र कुठेच अडत नाही.

या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू सूत्राने थेट काढता येतात: ०.१९८०६२३, १.५५४९५८१ आणि ३.२४६९७९६. हे उदाहरण त्यासाठीच निवडलं आहे. प्रत्येक पायरीला आपण किती चुकलो ते समोर दिसेल. खऱ्या कामात ही सोय नसते, म्हणून शेवटी तपासणीचा वेगळा भाग आहे.

अंदाजापासून सुरुवात: रेले कोशंट

पहिल्या मोडमध्ये इमारत साधारण सरळ रेषेत झुकते. म्हणून आकाराचा पहिला अंदाज x = (१, २, ३) घेऊ. आकार हाती आला की आयगेनव्हॅल्यूचा सर्वांत चांगला अंदाज रेले कोशंट देतो:

```
rho = (x' A x) / (x' x)
```

आपल्या मॅट्रिक्ससाठी वरचा भाग फार सोपा आहे. तो म्हणजे प्रत्येक मजल्याच्या ड्रिफ्टच्या वर्गांची बेरीज. ड्रिफ्ट १, १, १, म्हणून वर ३. खाली १ + ४ + ९ = १४. ρ = ३/१४ = ०.२१४२८५७. टाइम पिरियड ०.३९२ सेकंद निघतो. खरा पिरियड ०.४०७६ सेकंद आहे. म्हणजे डोळे झाकून घेतलेल्या सरळ रेषेनेही चूक चार टक्क्यांच्या आत राहिली.

असं होण्याचं कारण सममित मॅट्रिक्समध्ये आहे. आकारात चूक ε असेल तर रेले कोशंटमधली चूक ε² च्या प्रमाणात असते. आकार एक दशांश चुकला तर आयगेनव्हॅल्यू साधारण एक शतांश चुकते. पुढची सगळी पद्धत या एका गुणावर उभी आहे. त्याची उलट बाजूही लक्षात ठेवा: आयगेनव्हॅल्यूचे सहा अंक बरोबर आले म्हणून आकाराचेही सहा आले असं नाही, तिथे तीनच असतील. आणि मजल्यांवर बल वाटायला आकारच लागतो.

इन्व्हर्स इटरेशन, शिफ्ट न देता

एका फेरीत दोनच कामं: A y = x सोडवायचं आणि मिळालेल्या y ला पुढचा x म्हणायचं. आपल्या इमारतीसाठी याचा अर्थ सरळ आहे. x हे मजल्यांवरचं बल समजा आणि त्याखाली इमारत किती सरकते ते काढा. जुन्या स्ट्रक्चरल डायनॅमिक्समध्ये हीच गोष्ट स्टोडोलाची पद्धत म्हणून शिकवली जाते.

बल (१, २, ३). सर्वांत वरच्या मजल्यातला शिअर ३, त्याखाली ३ + २ = ५, तळाला ५ + १ = ६. स्टिफनेस १ असल्याने हेच ड्रिफ्ट. तळापासून बेरीज करत गेलं की सरकणं ६, ११, १४. समीकरण सुटलं, कागदाच्या एका ओळीत. आता याचा रेले कोशंट: वर ६² + ५² + ३² = ७०, खाली ३६ + १२१ + १९६ = ३५३, आणि ρ = ०.१९८३००३.

पुढची फेरी. बल (६, ११, १४), शिअर वरून खाली १४, २५, ३१, सरकणं ३१, ५६, ७०. ρ = १७८२/८९९७ = ०.१९८०६६०. तिसऱ्या फेरीत सरकणं १५७, २८३, ३५३ आणि ρ = ४५४२५/२२९३४७ = ०.१९८०६२३. सात अंक जुळले.

चुकांची उतरण पाहा: सुरुवातीला ०.०१६, मग ०.०००२४, मग ०.०००००३८, मग ०.०००००००६. दर फेरीला चूक साधारण साठाव्या भागावर येते. हा साठ कुठून आला? A ने भागताना पहिला मोड १/०.१९८ पटीने वाढतो आणि दुसरा १/१.५५५ पटीने. म्हणून आकारातली दुसऱ्या मोडची भेसळ दर फेरीला ०.१९८/१.५५५ = ०.१२७ पट उरते. आयगेनव्हॅल्यूतली चूक त्याच्या वर्गाने, म्हणजे ०.०१६ पटीने, घटते. आपली इमारत या बाबतीत सोयीची निघाली, पहिले दोन मोड चांगले लांब आहेत. ते जवळ असते तर हीच पद्धत रखडली असती, आणि तिथेच शिफ्टची गरज पडते.

शिफ्ट: अंदाज कुठून आणायचा

आयगेनव्हॅल्यूचा अंदाज σ हाती असेल तर A ऐवजी A − σI ने भागायचं. हा विचार हेल्मुट विलांट यांनी १९४४ मध्ये मांडला. आता पहिला मोड १/(λ₁ − σ) पटीने वाढतो आणि दुसरा १/(λ₂ − σ) पटीने. भेसळ दर फेरीला किती उरते ते या दोन अंतरांच्या गुणोत्तरावर ठरतं:

```
|lambda1 - sigma| / |lambda2 - sigma|
```

σ ला खऱ्या उत्तराच्या जवळ असणं पुरत नाही, बाकीच्या आयगेनव्हॅल्यूंपासून लांबही असावं लागतं. हे आयएस १८९३ च्याच सूत्रांवर तपासू, कारण बहुतेक जण अंदाज तिथूनच उचलतात.

भिंती न धरलेल्या आरसीसी फ्रेमसाठी आयएस १८९३ चं सूत्र T = 0.075 h^0.75 असं आहे. h = ९ मीटर घातले की ०.३९ सेकंद येतात. ω² निघतो सुमारे २६०, १२०० ने भागल्यावर σ = ०.२१६६. खऱ्या उत्तरापासून अंतर ०.०१८५, दुसऱ्यापासून १.३३८, गुणोत्तर ०.०१४. एका फेरीत भेसळ सत्तर पटींनी कमी होते. शिफ्टशिवाय ती जेमतेम आठ पटींनी होत होती.

विटांच्या भिंती धरणारं सूत्र मात्र T = 0.09 h / √d आहे, आणि d म्हणजे भूकंपाच्या दिशेतली पायाची लांबी. ती १६ मीटर असेल तर T = ०.२०२५ सेकंद आणि σ = ०.८०२. आता अंतरं ०.६०४ आणि ०.७५३, गुणोत्तर ०.८०. भेसळ एक दशांशावर आणायला सुमारे दहा फेऱ्या लागतील. शिफ्ट शून्य ठेवली असती तर एका फेरीत जवळपास तेवढंच काम झालं असतं! थोडं पुढे जाऊन d = २० मीटर घ्या. T = ०.१८१, σ = १.००३, आणि आता दुसरी आयगेनव्हॅल्यू σ ला जास्त जवळची आहे. फेऱ्या मुकाट्याने दुसऱ्या मोडकडे जातील.

दोष सूत्राचा नाही. ते भिंतींसकट इमारतीसाठी आहे आणि आपलं मॉडेल भिंतींशिवायचं. अंदाज आणि मॉडेल एकाच इमारतीबद्दल बोलत आहेत ना, हे शिफ्ट देण्याआधी पाहायचं. आपल्या मॅट्रिक्ससाठी सीमा दोन आयगेनव्हॅल्यूंच्या मध्यावर, ०.८७७ वर, म्हणजे T = ०.१९४ सेकंदावर आहे. अंदाजाचा पिरियड त्याहून मोठा असेपर्यंत उत्तर पहिल्या मोडचं येईल. शंका असेल तर पहिल्या मोडसाठी σ कमी बाजूला ठेवा. शून्याकडे झुकलेली शिफ्ट हळू चालेल, पण दुसऱ्याच मोडवर नेऊन सोडणार नाही.

स्थिर शिफ्टचा मोठा फायदा खर्चात आहे. A − σI चे LU गुणक एकदाच काढून ठेवायचे आणि प्रत्येक फेरीत त्यांनीच सोडवायचं. तीन मजल्यांना हे गौण आहे. पण हजारो अज्ञात असलेल्या मॉडेलमध्ये जास्त वेळ गुणक काढण्यातच जातो, नंतरच्या फेऱ्या त्यामानाने स्वस्त पडतात.

रेले कोशंट इटरेशन: दर फेरीला नवी शिफ्ट

पुढची कल्पना आपोआप सुचते. प्रत्येक फेरीनंतर रेले कोशंट आधीपेक्षा चांगला अंदाज देत असेल, तर त्यालाच नवी शिफ्ट का करू नये? पुन्हा (१, २, ३) पासून निघू. ρ = ३/१४. डावी बाजू १४ ने गुणून अपूर्णांक काढून टाकू. उजवी बाजू तशीच ठेवली तरी फक्त लांबी बदलते, दिशा नाही:

```
 25 a - 14 b         = 1
-14 a + 25 b - 14 c  = 2
      - 14 b + 11 c  = 3
```

पहिल्या समीकरणातून a आणि तिसऱ्यातून c हे b मध्ये लिहा आणि दुसऱ्यात घाला. −१८१ b = १७५४ मिळतं. बाकी दोन काढून १८१ ने गुणलं की आकार (−९७५, −१७५४, −२१८३). उणे चिन्हाने बिचकू नका. शिफ्ट खऱ्या आयगेनव्हॅल्यूच्या वर होती म्हणून λ − σ ऋण झाला आणि आकार उलटला, एवढंच. दिशा तीच आहे.

ड्रिफ्ट ९७५, ७७९, ४२९. रेले कोशंट १७४१५०७/८७९२६३० = ०.१९८०६४४. चूक ०.०१६ वरून एका फेरीत ०.०००००२१ वर आली. शिफ्टशिवाय दोन फेऱ्यांनंतर ती ०.०००००३८ होती.

खरी गंमत पुढच्या फेरीत आहे. नवी चूक साधारण जुनी चूक गुणिले (जुनी चूक भागिले मोडमधलं अंतर) याचा वर्ग, इतकी असते. अंतर १.३६ आणि चूक ०.०००००२१ घातली की पुढची चूक १०⁻¹⁷ च्याही खाली जाते. संगणकाला ०.१९८ सारख्या संख्येत जेवढे अंक ठेवता येतात त्याच्या पलीकडे. बरोबर अंक दर फेरीला तिप्पट होतात, याला घन अभिसरण म्हणतात. १९५८ च्या सुमारास ऑस्ट्रोव्स्की यांनी त्याचा अभ्यास मांडला. हे फक्त सममित मॅट्रिक्ससाठी आहे. असममित मॅट्रिक्समध्ये साधा रेले कोशंट घेतला तर अंक तिप्पट न होता दुप्पटच होतात.

किंमत अशी की शिफ्ट बदलली की गुणकही नव्याने काढावे लागतात. म्हणून माझा सल्ला: मोठ्या मॉडेलमध्ये दोन-तीन फेऱ्या स्थिर शिफ्टने करा, आकार रुळावर येऊ द्या आणि मग शेवटच्या एक-दोन फेऱ्यांपुरती रेले कोशंट इटरेशन लावा. तिचा वेग कामी येतो तो शेवटीच. सुरुवातीला लावली तर काय होतं ते पाहूच, आधी प्रोग्रॅम:

```python
import numpy as np
A = np.array([[2.,-1,0],[-1,2,-1],[0,-1,1]])
x = np.array([1.,2,3])
x /= np.linalg.norm(x)
rho = x @ A @ x
for k in range(8):
    r = np.linalg.norm(A @ x - rho*x)
    print(k, rho, r)
    if r < 1e-12: break
    y = np.linalg.solve(A - rho*np.eye(3), x)
    x = y / np.linalg.norm(y)
    rho = x @ A @ x
```

छापलेला r म्हणजे रेसिड्युअल, समीकरण किती जुळलं नाही त्याचं माप. तो ०.१६ वरून ०.००१७, मग १०⁻⁹ च्या घरात आणि पुढच्या फेरीला गोलाईच्या चुकांच्या पातळीवर येतो. थांबण्याची मर्यादा मॅट्रिक्सच्या आकड्यांच्या प्रमाणात ठेवा. इथे आकडे एक-दोनचे आहेत म्हणून 1e-12 चालतं. १२०० ने न भागता मॅट्रिक्स दिलात तर मर्यादाही तेवढ्या पटीने वाढवा, नाहीतर चांगलं उत्तर हातात असून लूप फिरत राहील.

जवळजवळ सिंग्युलर मॅट्रिक्सची भीती

शिफ्ट खऱ्या आयगेनव्हॅल्यूच्या जितकी जवळ, तितकी A − σI उलटवायला वाईट. वरच्या उदाहरणात पहिल्या फेरीला सदिशाची लांबी सुमारे ६१ पट वाढते, दुसऱ्या फेरीला साडेचार लाखांहून जास्त पट. काही सॉफ्टवेअर इथे इशारा देतात, आणि शिकलेल्या माणसाला वाटतं की असं समीकरण सोडवून आलेलं उत्तर टाकाऊ असणार.

इथे ते टाकाऊ नसतं, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. सोडवताना गोलाईची जी चूक शिरते तीही त्याच उलट मॅट्रिक्समधून जाते, आणि ती मॅट्रिक्स एकाच दिशेला प्रचंड ताणते: आपल्याला हव्या असलेल्या आयगेनव्हेक्टरच्या दिशेला. म्हणून चूक मोठी होते खरी, पण ती हव्या दिशेतच मोठी होते. y ची लांबी चुकते, दिशा चुकत नाही. लांबी तर आपण पुढच्याच ओळीत १ करून टाकतो. त्यामुळे हा इशारा दिसला म्हणून शिफ्ट मुद्दाम लांब सरकवू नका. शिफ्ट योगायोगाने अगदी तंतोतंत बसली आणि `np.linalg.solve` ने `LinAlgError` फेकला, तर σ मध्ये १०⁻¹⁵ च्या आसपासचा फरक करून पुन्हा सोडवा.

खरा धोका दुसरीकडे आहे, आणि तो हाताने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये येतो. त्रिकर्ण मॅट्रिक्ससाठी ओळींची अदलाबदल न करणारी थॉमसची पद्धत बरेच जण वापरतात. आपल्या मॅट्रिक्समध्ये σ = २ घाला. A − २I च्या कर्णातला पहिलाच आकडा शून्य होतो आणि पहिल्याच भागाकाराला गाडी अडते. मॅट्रिक्स स्वतः मात्र ठणठणीत आहे, तिचा डिटरमिनंट १ आहे. शिफ्टनंतर मॅट्रिक्स धन-निश्चित राहत नाही, म्हणून ओळींची अदलाबदल करणारा सॉल्व्हरच वापरा.

भलत्याच मोडवर पोहोचणं

हा σ = २ उगाच घेतलेला नव्हता. समजा सुरुवातीचा आकार कुणी (१, ०, ०) घेतला. तळाचा स्लॅब सरकला, बाकी स्थिर. प्रोग्रॅममध्ये पहिला एकक सदिश टाकून देण्याची सवय अनेकांना असते. हवा आहे पहिला मोड. रेले कोशंट २ येतो. सोडवल्यावर आकार (१, १, −१), नवा ρ = ५/३ = १.६६७. पुढच्या फेरीत (२६, ११, −२०), ρ = १४/९ = १.५५५६. त्यापुढे (४७४१, २११०, −३८०२), ρ = १.५५४९५८१. तीन फेऱ्यांत आठ अंक बरोबर, रेसिड्युअल दर फेरीला घटत गेलेला, कुठेही कुरकुर नाही, आणि उत्तर दुसऱ्या मोडचं. पिरियड ०.१४५ सेकंद, खरा ०.४०८.

सममित मॅट्रिक्ससाठी रेले कोशंट इटरेशनमध्ये रेसिड्युअल कधीच वाढत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे ही पद्धत सहसा कुठेतरी पोहोचतेच. कुठे पोहोचेल याची मात्र ती हमी देत नाही. स्थिर शिफ्टमध्ये निदान सगळ्यांत जवळची आयगेनव्हॅल्यू मिळते. इथे शिफ्ट स्वतःच सरकत असल्याने तेवढंही म्हणता येत नाही. रेसिड्युअल लहान झाला याचा अर्थ हाती एक आयगेनव्हॅल्यू आली, कितवी ते तो सांगत नाही.

किती चुकलो आणि कितवी मिळाली

आधी किती. खरं उत्तर माहीत नसताना रेसिड्युअलच उपयोगी पडतो. x ची लांबी १ केली असेल तर ρ पासून r इतक्या अंतरात एक आयगेनव्हॅल्यू नक्की असते. (६, ११, १४) साठी r = ०.०१८ येतो, म्हणजे हमी ढोबळच झाली. पण पुढची आयगेनव्हॅल्यू साधारण किती लांब आहे हे माहीत असेल तर r² ला त्या अंतराने भागा: ०.०००३४/१.३६ = ०.०००२५. खरी चूक ०.०००२४ होती. हा दुसरा अंदाज रोजच्या कामाचा आहे.

आता कितवी. A − σI वर ओळींची अदलाबदल न करता साधं निर्मूलन करा आणि कर्णावर येणारे ऋण आकडे मोजा. जितके ऋण, तितक्या आयगेनव्हॅल्यू σ च्या खाली. सिल्व्हेस्टरच्या जडत्व नियमाचा हा थेट उपयोग. १.५५५ हे उत्तर संशयास्पद वाटलं म्हणून σ = १.५ घेऊ. कर्ण ०.५, ०.५, −०.५:

```
d1 =  0.5
d2 =  0.5 - 1/0.5     = -1.5
d3 = -0.5 - 1/(-1.5)  =  0.167
```

एक ऋण आला. म्हणजे १.५ च्या खाली एक आयगेनव्हॅल्यू आहे आणि आपली पहिली नव्हे. σ = १.६ घेतलं तर ०.४, −२.१, −०.१२४ असे दोन ऋण येतात. १.५ आणि १.६ च्या मध्ये नेमकी एकच आहे, आणि ती दुसरी. मगाशी σ = २ ला अडखळलो तसा एखादा d शून्य आला, तर σ थोडं सरकवून पुन्हा मोजा.

आपल्यासारख्या साखळीच्या मॉडेलमध्ये आकाराकडे पाहूनही कळतं. पहिल्या मोडमध्ये सगळे मजले एकाच बाजूला जातात, दुसऱ्यात चिन्ह एकदा बदलतं. (२६, ११, −२०) मध्ये ते बदललेलं डोळ्यांना दिसतंच. त्रिमितीय मॉडेलमध्ये इमारत पिळवटते तेव्हा ही खूण चालत नाही, ऋण आकड्यांची मोजणी तेव्हाही चालते.

मजले सारखे नसतील तर

गच्चीवर पाण्याची टाकी असते, खाली पार्किंग असतं, वस्तुमानं सारखी नसतात. तेव्हा समीकरण K x = λ M x होतं आणि तीन ठिकाणी M घालावी लागते:

```
(K - sigma*M) y = M x
rho = (x' K x) / (x' M x)
x = y / sqrt(y' M y)
```

उजव्या बाजूचा M विसरणं ही नेहमीची चूक. वस्तुमानं थोडीच वेगळी असतील तर ती लगेच पकडता येत नाही. फेऱ्या स्थिर होतात, आकडा खऱ्याच्या आसपास दिसतो, पण रेसिड्युअल K x − ρ M x एका पातळीवर अडून बसतो. लूपमध्ये तो छापायचा तो यासाठीच. ऋण आकड्यांची मोजणी इथे K − σM वर करायची, बाकी काही बदलत नाही.

एका ठिकाणी मात्र या दोन्ही पद्धती अपुऱ्या पडतात. इमारतीचा प्लॅन चौरस असेल आणि कॉलम दोन्ही दिशांना सारखे, तर उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम असे पहिले दोन पिरियड एकच येतात. आयगेनव्हॅल्यू तेव्हाही बरोबर मिळते, पण आकार सुरुवातीच्या अंदाजावर अवलंबून तिरप्या कुठल्याही दिशेचा येऊ शकतो, आणि दुसऱ्या दिशेने सुरू केलं की वेगळा. पिरियड अगदी सारखे नसून नुसते जवळजवळ असतील तर त्रास जास्त. शिफ्ट दोघांच्या मध्ये पडली की गुणोत्तर १ च्या जवळ जातं आणि स्थिर शिफ्टची भेसळ उतरायचं नाव घेत नाही. ऋण आकड्यांच्या मोजणीत σ किंचित वाढवताच मोजणी एकदम दोनने वाढली, तर हीच परिस्थिती आहे असं समजा. मग दोन सदिश बरोबर घ्या, प्रत्येक फेरीत दोन्हींसाठी सोडवा, सोडवून झाल्यावर त्यांना M च्या हिशोबाने एकमेकांना लंब करा, आणि शेवटी दोन बाय दोनचा छोटा प्रश्न सोडवून दोन्ही पिरियड वेगळे काढा.